नाव झाकून आणा

रविवार, २ मार्च. सकाळी १०

नवी वही काढली. निवृत्तीनंतरची ही चौथी. आधीच्या तिन्ही जानेवारीतच आटोपल्या होत्या, पण या वेळी विषय आहे.

ताईच्या गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. सहा आठवडे प्लॅस्टर, मागच्या खोलीत पलंगावर. तीन मजले, लिफ्ट नाही. सगळी बाहेरची कामं माझ्याकडे आली. दूध, वीजबिल, वाचनालयाची पुस्तकं. आणि एक काम ताईनं उशीखालून काढलं. कापडी पिशवीत मोजून ठेवलेली नाणी. म्हणाली, चिमे, समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तो बसतो ना, त्याला द्यायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. साडेआठला. नऊच्या आत. चुकवू नकोस.

कशाला लागतात, असं विचारलं. म्हणाली, मी विचारलं नाही, त्याला लागतात.

हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षं मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात काढली. मागणी आली की चौकशी, चौकशी झाली की निकाल. मी नाकारलेल्यांपैकी फार थोडे परत भांडायला आले. म्हणजे बाकीचे खोटेच असणार.

संकल्प: पैसे देण्याच्या विरुद्ध मी नाही. अंधपणे देण्याच्या विरुद्ध आहे.


सोमवार, ३ मार्च. ९.१५

गेले. पैसे दिले नाहीत. आधी फाईल उघडली.

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, मागणाऱ्याच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची. नाव दिसलं की जात दिसते, गाव दिसतं, आपला मामेभाऊ दिसतो, दया येते. पट्टी लावली की उरतं ते फक्त प्रकरण. म्हणून त्यालाही मी नाव विचारलं नाही. प्रकरण क्र. १. बाकी चौदा प्रश्न विचारले. त्याला अहो-जाहो केलं. मी माणुसकीनं वागत नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही.

वय अंदाजे साठ. आधी रंगारी होता, इमारती रंगवायचा. शिडीवरून उतरताना पायाला खिळा लागला, साखरेचा आजार, जखम भरलीच नाही. उजवा पाय. पायरीवर सकाळी सातपासून, कारण औषधं न्यायला येणाऱ्यांच्या हातात सुटे असतात. वाडग्यात कायम दोन नाणी ठेवतो. वाडगा रिकामा असला तर लोकांना वाटतं कोणीच देत नाही, मग आपणच का; भरलेला असला तर वाटतं याचं भागलं. हे त्यानं स्वतःहून सांगितलं, अगदी धंद्यातल्या माणसासारखं. मी शेरा लिहिला: हिशेबी.

विचारलं, बाई, ताई बऱ्या आहेत ना? सांगितलं, आहेत. मग तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मी पेन पिशवीत ठेवलं.

घरी आल्यावर ताईनं विचारलं, दिलेस? मी म्हटलं, काम सुरू केलंय. हे खोटं नाही.


बुधवार, ५ मार्च

आजचा प्रश्न: पैसे नेमके कशासाठी?

तो म्हणाला, बससाठी.

मी लिहिलं: प्रवास. ऐच्छिक खर्च.

कुठे, असं विचारल्यावर म्हणाला, मोठ्या सरकारी दवाखान्यात, पट्टी बदलायला. पट्टी फुकट आहे, बस फुकट नाही. दोन बस बदलाव्या लागतात. पट्टीचा विभाग अकराला बंद होतो, म्हणून नऊच्या आत निघावं लागतं. वाडग्यात भाड्याएवढे जमेपर्यंत बारा वाजतात, आणि त्यातून रात्रीच्या निवाऱ्याची खाट आणि जेवण जातं.

ऐकायला चोख. खोटे क्लेम नेहमी चोख असतात. खरी माणसं अडखळतात.

पुरावा मागितला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढलं, कधीतरी भिजलेलं. शिक्के पसरलेले, तारखा लागत नव्हत्या. अस्पष्ट दस्तऐवज. परत केलं.

नऊ वाजले तशी त्याची नजर सारखी बस थांब्याकडे जात होती. चौकशीत सहकार्य कमी.


शुक्रवार, ७ मार्च. दुपारी

आज न विचारता म्हणाला, बाई, आज तरी. मी शांतपणे समजावलं की माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही, पण माझी एक पद्धत आहे. तो म्हणाला, पद्धत चांगलीच असणार बाई, पण पायाला पद्धत कळत नाही.

लाघवी बोलणं. सावध.

ताईनं आजही विचारलं. मी म्हटलं, हो. एका अक्षराचा शब्द. पैसे एका पाकिटात ठेवले आहेत, त्याच्याच नावे. म्हणजे नाव नाही, क्रमांक. सिद्ध झालं की एकदम सगळे. मग तोच म्हणेल, बाईंनी साठवून दिले.


रविवार, ९ मार्च

लेकीचा फोन. दर रविवारी येतो, अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं मला सुधारण्यात जातात. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, आई, रस्त्यावर देऊच नये. तू दिलंस की पायरीवर बसणं परवडतं, मग तो तिथेच बसतो. संस्थेला दे, तिथे एका पैशातून दहा माणसांचं काम होतं. मी म्हटलं, आणि हा? ती म्हणाली, हा कोण? आकड्यांत बघ ना.

बरोबरच आहे तिचं. माझ्यावरच गेली आहे.

ताई आतून सगळं ऐकत होती. ओरडून म्हणाली, तुझी पेन्शन दर महिन्याला येते, तुला कोणी विचारतं का, खर्च कशावर करतेस? तू नाही बिघडलीस?

तिला सांगितलं, मी कमावली आहे ती.

ती म्हणाली, हो ना, आणि त्यानं भिंती रंगवल्या त्या फुकटच. तूही त्यातल्याच कुठल्या तरी इमारतीत बसून लोकांचे क्लेम उडवले असशील.

प्लॅस्टरमुळे स्वभाव चिडचिडा होतो. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

तरी विचार केला. मी निष्ठुर नाही. मधला मार्ग: पैसे नाही, वस्तू. त्याला पट्टी हवी ना? पट्टीच देऊ. पैशाचा दुरुपयोग होतो, कापसाचा काय होणार?


सोमवार, १० मार्च. ९.३०

निर्जंतुक पट्ट्यांची सहा पाकिटं, कापूस, चिकटपट्टी, मलम. भाड्याच्या तिप्पट खर्च. माझ्या पैशांतून. त्यानं सगळं घेतलं, कपाळाला लावलं. मग म्हणाला, बाई, दवाखान्यातली सिस्टर जखम आतून साफ करते, मेलेलं मांस काढते. मला वरून गुंडाळता येईल फक्त.

मी म्हटलं, सुरुवात तर करा.

मान हलवली. जवळ उभं राहिल्यावर वास येत होता. शेरा: स्वच्छतेकडे दुर्लक्ष.

घरी येताना पावलं हलकी पडत होती. कॉन्व्हेंट शाळेतली सिस्टर आठवली. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सकाळी माणसं यायची, सिस्टर त्यांना पाव द्यायची. मी आणि ताई पाव कापायला मदत करायचो. आम्हाला कडा मिळायच्या. गरम पावाच्या कडेसारखं पुढच्या आयुष्यात काही मिळालं नाही. सिस्टरला आज माझा अभिमान वाटला असता.


बुधवार, १२ मार्च. संध्याकाळी ५

पकडला.

ताईच्या गोळ्या घ्यायला दुकानात गेले. काउंटरमागच्या फळीवर तीच सहा पाकिटं. ओळखली, कारण एका पाकिटाच्या कोपऱ्यावर मी पेनानं "१" लिहिला होता. सवयच आहे.

औषधवाला लाजला. म्हणाला, सकाळी आठला परत घेतली, न फोडलेली होती, अर्ध्या किमतीला. त्याला घाई होती.

घाई! असणारच. एकतीस वर्षांत माझं नाक कधी चुकलं नाही. सकाळी पैसे हातात पडताच पायरी सोडून गायब, दिवसभर दिसला नाही. कुठे गेला असेल ते सांगायला नको.

ताईला सांगणार होते. पण मग "हो" या शब्दाचं काय झालं, तेही सांगावं लागलं असतं. उद्या बघू.


शुक्रवार, १४ मार्च. ८.५०

तोंडावर विचारलं, पट्ट्या विकल्या ना? तो म्हणाला, हो बाई. जराही शरम नाही. म्हणाला, बुधवारी पट्टी करून आलो त्यावर.

आता हे वाक्य तपासता येण्यासारखं होतं, म्हणून मी ठणकावून सांगितलं. कार्डाची स्वच्छ झेरॉक्स आणा. सिस्टरकडून तारखा ठळक करून घेतलेल्या असतील तर उत्तम. तोवर प्रकरण बंद. आणि हो, झेरॉक्स काढताना नाव झाकून आणा. नावाच्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवायची. म्हणजे निकाल निष्पक्ष लागतो.

तो म्हणाला, झेरॉक्सला पैसे पडतात बाई.

मी म्हटलं, खरं असेल तर माणूस तेवढं करतो.

हे वाक्य मला आवडलं. ऑफिसातही म्हणायचे.

उठताना त्यानं दोन्ही हातांनी कठड्याला धरलं. चेहरा लाल होता. उन्हामुळे.

ताई: दिलेस? मी: हो. तिच्या डोळ्यांकडे न बघता चहा ठेवला.


सोमवार, १७ मार्च

प्रकरण बंद असताना साडेआठची धावपळ कशाला? आरामात साडेनऊला उतरले. पायरी रिकामी.


बुधवार, १९ मार्च

पायरी रिकामी. वाडगाही नाही. औषधवाल्याकडे गर्दी होती, विचारलं नाही.

अनुमान सोपं आहे. पुरावा मागितला की खोटा माणूस निघून जातो. नाकारलेले परत येत नाहीत.

आज ताईनं विचारलं, बरा आहे ना तो? मागच्या महिन्यात सिस्टर म्हणाली होती म्हणे, जखम भरत आलीय. मी विचारलं, तुला हे कोणी सांगितलं? म्हणाली, त्यानंच. रोज गप्पा मारायचो की आम्ही. मी कारण विचारत नाही, त्यानं सांगितलं तर ऐकते.

मी म्हटलं, बरा असणार.

असणार.


शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ११

नीट लिहिते.

आज साडेआठलाच उतरले. का, ते माहीत नाही. पायरी रिकामी. औषधवाल्यानं हाक मारली. म्हणाला, बाई, बरं झालं भेटलात, विसरूनच गेलो होतो. गल्ल्याखालून घडी केलेला कागद काढला. सोमवारी तो तुमच्यासाठी ठेवून गेला. नऊ वाजेपर्यंत तुमची वाट बघत होता. थरथरत होता नुसता, मी म्हटलं घरी जा, तर म्हणाला बाई येतील. शुक्रवारी भाडं जमून दवाखान्यात पोचेपर्यंत पट्टीचा विभाग बंद झाला होता, सिस्टरनं तारखा तेवढ्या लिहून दिल्या म्हणे.

झेरॉक्स. स्वच्छ. तारखा सिस्टरनं निळ्या पेनानं पुन्हा लिहिलेल्या.

जानेवारी: सोमवार, बुधवार, शुक्रवार. एकही चुकलेला नाही.
फेब्रुवारी: सोमवार, बुधवार, शुक्रवार. एकही चुकलेला नाही.
मार्च: बुधवार, १२.

बस.

बारा मार्च. पट्ट्या विकल्या तो दिवस.

वरच्या ओळीवर, नाव आणि केस नंबर असतो तिथे, पांढरी पट्टी. अगदी सरळ लावलेली.


शनिवार, २२ मार्च. पहाटे

काही सुचत नाही म्हणून लिहिते.

मी पाव कापता कापता एकदा सिस्टरला विचारलं होतं, यातला एखादा खोटं बोलत असेल तर? पोट भरलेलं असूनही आला असेल तर? सिस्टर म्हणाली, तर माझा एक पाव गेला. आणि खरं बोलत असेल आणि मी दिला नाही तर काय गेलं, ते तू सांग. मी आठ वर्षांची होते. म्हटलं, काहीच नाही, पाव तर उरला. सिस्टर हसली आणि मला कड दिली. मला वाटलं उत्तर बरोबर आलं.

ऑफिसात चुकून दिलेला क्लेम माझ्या फाईलला लागायचा. लाल शाईनं. वर्षाच्या शेवटी माझे लाल शेरे सगळ्यांत कमी. चुकून नाकारलेला क्लेम कुठे लागायचा? कुठेच नाही. ती माणसं जिने उतरून जायची आणि आम्ही खिडकी बंद करायचो. परत येत नसत, ते खोटे होते म्हणून की बसला पैसे नव्हते म्हणून, हे आम्ही कधी मोजलंच नाही.

छे. पहाटे माणूस उगाच भावुक होतो. त्याला साधा ताप असेल. सोमवारी दवाखान्यात जाऊन सगळे पैसे एकदम देऊन येते. पाकीट तयार आहे. तोही म्हणेल, साठले ते बरं झालं.


सोमवार, २४ मार्च. रात्री ८

दोन बस. दुसऱ्या बसमध्ये उभं राहावं लागलं. माझे दोन्ही पाय धड आहेत.

चौकशीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, पेशंटचं नाव?

मी सांगितलं, पुरुष, वय साठ, आधी रंगारी, साखरेचा आजार, उजवा पाय, जखम अंगठ्याखाली, अमुक निवाऱ्यात राहतो, सोमवार-बुधवार-शुक्रवार पट्टी.

ती म्हणाली, बाई, इथे उजवे पाय तीस आहेत. नाव सांगा.

झेरॉक्स दाखवली. तिनं उलटसुलट करून बघितली. म्हणाली, नावच झाकलंय की. कोणी झाकलं?

मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, आजी, आठवून या. मी म्हटलं, विसरलेले नाही. माहीतच नाही. ती बाई म्हणाली, मग तुम्ही त्यांच्या कोण?

एकतीस वर्षं हा प्रश्न मी विचारत आले. कोण लागता? पुरावा?

बाजूला होऊन ताईला फोन लावला. म्हटलं, त्याचं नाव काय गं? तिनं लगेच सांगितलं, आडनावासकट, जसं चुलतभावाचं सांगावं. मग म्हणाली, थांब. तू तीन आठवडे त्याला भेटतेस आणि नाव माहीत नाही?

मी झेरॉक्सची घडी घातली.

तिनं विचारलं, चिमे, पैसे दिलेस ना?

मी सांगितलं, पाकिटात आहेत.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन ठेवला.

खिडकीवर नाव सांगितलं. अर्ध्या मिनिटात खाट सापडली. मंगळवारी निवाऱ्यातल्या लोकांनी बेशुद्ध आणलं होतं. जखम हाडापर्यंत गेलेली. तीन बोटं काढावी लागली. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, जवळजवळ भरली होती हो, काय झालं यांना मार्चमध्ये, कोण जाणे.

तो जागा होता. मला बघून उठून बसायला लागला. मी नावानं हाक मारली. पहिल्यांदाच. त्याला नवल वाटलं.

म्हणाला, बाई, पाच दाखवली तेव्हा पटलं नाही. आता दोन उरलीत, बघा चालतं का.

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा हसला. मलाही हसू आलं, आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यानं स्वतःच्या उशाशी असलेला पाण्याचा पेला मला दिला.

मी पाकीट पुढे केलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, एवढे एकदम कशाला? मला त्या त्या दिवशी लागत होते.

निघताना त्यानं हाक मारली. विचारलं, झेरॉक्स मिळाली ना बाई? नाव बरोबर झाकलं होतं ना? पहिल्यांदा पट्टी सरकली, म्हणून दुसऱ्यांदा काढायला लावली.


बुधवार, २६ मार्च

ताई बोलत नाही. चहा घेते, कप ठेवते. मी म्हटलं, मी मुद्दाम नाही केलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर एखाद्या दिवशी तरी चुकून दिले असतेस.

दुपारी विचारलं, तू तरी कारण विचारायचंस ना, म्हणजे तुला ते मला सांगता आलं असतं. ती म्हणाली, शाळेतली सिस्टर काय सांगायची? मागणाऱ्याला कारण विचारू नये, नाव विचारावं. तू तेव्हा कडा खात होतीस.


रविवार, ३० मार्च

लेकीचा फोन. तिला सांगितलं. ती म्हणाली, आई, संस्थेला देणं चूक नाही. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, पण तू संस्थेलाही दिले नव्हतेस. मी म्हटलं, नाही.


सोमवार, १४ एप्रिल

तो पायरीवर परतला. काठी, मोठी चप्पल. पट्टी अजून आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार. ताईचं प्लॅस्टर निघालं, जिना मात्र अजून बंद. तिची खुर्ची आता पुढच्या खिडकीत असते, तिथून पायरी दिसते.

नवी पद्धत ठरली. मीच सुचवली असं म्हणता येईल. साडेआठला मी उतरते. नावानं हाक मारते. कशाला, कुठे, किती विचारत नाही. देते. पैसे हातात पडले की तो खिडकीकडे बघून हात वर करतो, म्हणजे ताईला पोचपावती. मग ताई पडदा सोडते.

याची काही गरज नाही, असं मी ताईला म्हटलं. ती म्हणाली, तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. पण माझी एक पद्धत आहे.


बुधवार, १६ एप्रिल. ८.४०

दिले.

आज तो नाणी खिशात टाकून औषधवाल्याशी बोलत बसला. बस यायला वेळ होता. वर बघितलं, पडदा धरून ताई उभी. त्यानं हात वर केला नव्हता.

मी तिथेच उभी राहिले. मागायला संकोच वाटला.